विदूषकानं मागायचं नसतं

“पोट आधी चालतंय आन् तुमी मागनं येताय. ते उलटं पायजे.”

मी गर्रकन वळले. सांगलीचा कृष्णाघाट, मार्गशीर्षातली संध्याकाळ. पायऱ्यांवर कुणी नाही असं समजून मी कुर्त्याच्या आत उशी बांधून, पाय फाकवून चालण्याचा सराव करत होते. आणि वरच्या पायरीवर भडंगाचा पुडा घेऊन हा बसलेला! कधीपासून बघत होता कोण जाणे.

“हसू नका,” मी म्हणाले.

“मी कुठं हसलो? हसायला आलं असतं तर काम फत्ते झालं असतं. हसायलाच येत न्हाई, ही तर अडचण हाय.”

मला राग आला. खरं म्हणजे रडूच आलं, पण उशी बांधलेल्या बाईनं रडायचं तरी कसं... मी तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“माझा आज्जा सोंगाड्या हाय,” तो म्हणाला, आणि पुडा पुढं केला. “घ्या. पोटाला आधार.”

त्याचं नाव सूरज. कुपवाडच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करायचा आणि सुट्टी झाली की घाटावर येऊन बसायचा. गाव आटपाडीच्या अलीकडं, माणदेशातलं. घरची मेंढरं होती, आता थोडी डाळिंबंही होती. मी राजेश्वरी, कुंडलची. आमचं घर उसाचं. वडील, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सांगलीत मी संस्कृत घेऊन एम. ए. करत होते, आणि त्या वर्षीच्या नाटकात मला विदूषकाचं काम मिळालं होतं.

मिळालं म्हणजे अंगावर आलं. आमच्या समीक्षा मॅडमनी जुन्या संस्कृत नाटकांच्या बांधणीचं एक नाटक स्वतः लिहिलं होतं. राजा, राणी, राणीच्या महालात राहणारी एक परकी मुलगी आणि राजाचा मित्र विदूषक. त्या नाटकांत राजा संस्कृत बोलतो. विदूषक जातीचा ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, सगळ्या साध्या माणसांची भाषा. मॅडमनी ठरवलं, राजा शुद्ध भारदस्त मराठी बोलेल आणि विदूषक आपल्याकडची बोली. मग त्यांनी वर्गावरून नजर फिरवली... आणि माझ्यावर थांबवली. वर्गात कधी माझ्या तोंडून ‘हाय’, ‘न्हाई’ निसटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. आता तेच मी रंगमंचावर सगळ्यांसमोर बोलायचं होतं. माझी मैत्रीण प्रांजल राणी झाली. मला मिळाली टकलाची टोपी, तिच्यावर कावळ्याच्या पायासारख्या तीन शेंड्या, जानवं, वाकडी काठी आणि उशी.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला का सांगितलं, ते मला आजही सांगता येत नाही. भडंग संपेपर्यंत सांगत राहिले एवढं खरं.

“मग राजासमोर तुमी काय करता?” त्यानं विचारलं.

“राजाला ‘वयस्य’ म्हणते. म्हणजे सोबती. अख्ख्या दरबारात त्याला असं म्हणायची मुभा एकट्या विदूषकाला. राजा चंद्राकडं बघून उसासे टाकतो, तेव्हा विदूषक म्हणतो, मला तर तो लाडू दिसतो.”

“आन् राजाला राग येत न्हाई?”

“येत नाही. मॅडम म्हणतात, त्याच्या जिभेला मोकळीक असते. पण का, ते मला अजून नीट समजलेलं नाही.”

सूरजनं रिकामा पुडा चुरगळला. मग म्हणाला, “ते माझ्या आज्ज्याला इचारायला पायजे.” आणि लगेच, “तवर चालून दावा की परत. आधी छाती आत, मग पोट... तुमचं न्हाई वो, उशीचं!”

त्या हिवाळ्यात आम्ही किती वेळा घाटावर भेटलो, मला मोजता येणार नाही. बाजारात नवी हळद यायला लागली होती; वाऱ्याची झुळूक फिरली की तिचा वास नदीपर्यंत यायचा. आजही तो वास आला की मला सूरजचं चालणं दिसतं, पायऱ्यांवरून पडतोय पडतोय असं वाटत असताना शेवटच्या क्षणी सावरणारं. “सोंगाड्या पडत न्हाई,” तो म्हणायचा, “लोकास्नी वाटलं पायजे की आता पडला.” मी त्याला संस्कृतातले विनोद सांगायची, तो मला आज्ज्याची तमाशातली बतावणी करून दाखवायचा. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं तेही कळलं नाही.

एक मात्र होतं. सूरज सरळ काही बोलायचाच नाही. मी उशिरा आले की म्हणायचा, “आज नदीनं दोनदा इचारलं, कुंडलची बया कुठं हाय. मी म्हणलं, तुला काय करायचंय गं?”

“नदीनं विचारलं की तू?”

“मी कशाला इचारू? मी तर भडंग खायला येतो.”

मग हसायचा. मीही हसायची. आणि वसतिगृहावर परतल्यावर कितीतरी वेळ त्या हसण्याचा अर्थ लावत बसायची...

एका रविवारी मी प्रांजलला बरोबर घेऊन एसटीनं त्याच्या गावी गेले. सूरज स्टँडवर घ्यायला आला होता. हरिबा आज्जा घराबाहेर बाभळीच्या सावलीला घोंगडीवर बसले होते. वाळक्या अंगाचे, पण डोळे असे की बोलायच्या आधीच हसवतील. आयुष्यभर त्यांनी मेंढरं राखली आणि गावाच्या तमाशात सोंगाड्या केला. गवळणीत ते कृष्णाचा लंगडा सवंगडी पेंद्या व्हायचे आणि पुढं वगात राजाचा शिपाई.

“वगातला शिपाई राजाला काय बी बोलतो,” मी म्हणाले. “राजा ऐकून का घेतो, आज्जा?”

“आदी तो सोताला हसतो, पोरी,” ते म्हणाले. “मी येडा, मी भित्रा, मी खादाड, ह्ये आदी सांगून मोकळं व्हायाचं. मग दुसऱ्याला बोललं तर कुणाला लागत न्हाई. दुसरं, जे सांगायचं ते राजाच्या त्वांडावर. मागनं न्हाई. आन् तिसरं...”

 सूरजनं चहाचे कप आणून ठेवले.

“एकदा गावात टँकर यायचा आन् सरपंचाच्या हिरीत रिकामा व्हायचा. जत्रंला वगात मी राजाला म्हणलं, म्हाराज, आपल्या राज्यात पाऊस बी वाड्याचा पत्ता इचारून पडतो. पुढं सरपंच बसलेला. लोकं पोट धरून हसली, त्यो बी हसला. दुसऱ्या दिवशी मला फेटा धाडला त्यानं. मग मला चेव आला. चार दिसांनी चावडीत, साध्या कापडात, तेच बोललो. वर म्हणलं, माझ्या मेंढरास्नी बी त्यातलं पाणी द्या. तर काठीनं हाणला मला त्याच्या माणसांनी. बोलणं त्येच, पर सोंग न्हवतं, आन् मी मागत हुतो. सोंगाड्याला खायापुरतं सोडून काय नको असतं, म्हणून त्याचं खरं राजा ऐकतो. सोतासाठी मागितलं की परवाना संपला. मग तू साधा माणूस. मग साध्या माणसागत मार खायाची तयारी ठिवायची.”

मला मॅडमचं वाक्य आठवलं, विदूषकाला लाडवापलीकडं काही नको असतं. मी ते आज्ज्यांना सांगितलं.

“बघा,” ते खूश होऊन म्हणाले. “म्हंजी तुमचा बामन आन् माझा शिपाई एकाच आईचं.”

परतताना एसटीच्या खिडकीशी सूरज उभा होता. मी म्हटलं, “तुझं रे? तू रोज सोंगात बोलतोस. तुला काहीच नको का?”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम विझलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मग तो कंडक्टरला म्हणाला, “मामा, ह्या पावण्या बाईंचं अर्धं तिकीट काढा. अक्कल अर्धी हाय.” गाडी सुटली. प्रांजल हसत होती. मी नाही.

माघात साताऱ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. आदल्या आठवड्यात आबांचा फोन आला. पृथ्वीराज नावाचा मुलगा, फौजेत अधिकारी, घर साताऱ्यातच. “माणसं चांगली हायत. त्यास्नी मी नाटकालाच बोलावलंय. तुला बघणं बी होईल. मग साखरपुड्याचं बघू.”

“आबा, मी विदूषक आहे त्यात. टक्कल आहे मला.”

“नाटकातच हाय ना? त्यात काय एवढं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला काय वाटतं हे त्यांनी विचारलं नाही. वाईट मनानं नव्हे. फौजेत हुकूम वरून खाली यायचा, तसंच त्यांच्या घरातही होतं.

मी सूरजला सांगितलं. तो माझ्या विदूषकाच्या काठीशी चाळा करत बसला. “बरं हाय की,” तो म्हणाला. “अधिकाऱ्याची बायको विदूषक. फौज हसत हसत लढंल.”

“सूरज, एकदा सरळ बोल.”

“मला येत न्हाई गं सरळ,” तो हळूच म्हणाला. “लहानपणापास्नं ह्येच आलंय.” आणि उठून गेला.

साताऱ्यात त्या दिवशी थंडी होती. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर दुपारपर्यंत धुकं होतं. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं, पहिल्या रांगेत आबा, कडक इस्त्रीचा सदरा, शेजारी पृथ्वीराज आणि त्याची आई. मागं कुठंतरी कोपऱ्यात हरिबा आज्ज्यांचा फेटा. त्यांच्या शेजारी सूरज. म्हणजे आला होता तर...

नाटक सुरू झालं आणि मी घरंगळत रंगमंचावर आले. पहिला हशा आला तशी मी मोकळी झाले. मी माझ्या टकलाला हसले, पोटाला हसले, कुंडलच्या बोलीत राजाला ‘वयस्या’ म्हणाले. ज्या बोलण्याला वर्गात खसखस पिकायची, त्याच बोलण्याला आता अख्खं नाट्यगृह माझ्या बाजूनं हसत होतं.

मग तो प्रवेश आला. राणीच्या महालातली ती मुलगी राजाला आवडली आहे, पण राज्याच्या सोयीसाठी तो तिचं लग्न आपल्या सेनापतीशी लावून द्यायला निघाला आहे, आणि विरहानं बागेत हिंडतो आहे. माझं वाक्य होतं: “वयस्या, तू चंद्राला इचारलंस, भुंग्याला इचारलंस, आंब्याच्या मोहराला इचारलंस, काय करू म्हणून. तिला इचारलंस का?”

प्रेक्षक हसले. इथं राजानं मान खाली घालून निघून जायचं. पण माझ्या तोंडून पुढचं आलंच, न लिहिलेलं...

“सरहद्दीवरच्या एकूण एक चौकीची खबर तुला रोज पायजे. आन् घरात जी पोर हाय, तिच्या मनात काय चाललंय त्याची खबर कुणाकडनं मागवणार हायस, वयस्या? तिथं काय हेर धाडायची गरज न्हाई. दोन पावलं चालत जायाचं आन् इचारायचं. पर ते तुझ्या शूर पायांस्नी जमत न्हाई.”

राजाचं काम करणारा मुलगा गोंधळला, पण टिकून राहिला. नाट्यगृह टाळ्यांनी भरलं. आबाही हसत होते, मांडीवर थाप मारून. फक्त शेवटच्या वाक्याला माझी नजर राजावरून सुटून त्यांच्यावर गेली होती. आणि त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं, ते मी पाहिलं.

नाटक संपल्यावर हरिबा आज्जा रंगपटाच्या दाराशी आले. “लय झ्याक,” ते म्हणाले. मग जरा वाकून, मलाच ऐकू येईल असं, “निम्मं राजाला बोललीस, निम्मं सोतासाठी. ते निम्मं सोंगात चालत न्हाई, बाय. ते उतरवून सांगायचं.”

मी रंग पुसला. शेंड्या काढल्या, उशी सोडली. बाहेर अंगणात आबा एकटे उभे होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“आबा, मघाचं बोलणं राजाला नव्हतं.”

“कळलं मला,” ते म्हणाले.

“पृथ्वीराज चांगले असतील. पण मला हे लग्न नको. माझ्या मनात सूरज आहे. कुपवाडला कारखान्यात कामाला आहे. माणदेशातला, मेंढपाळाच्या घरचा. त्यानं मला अजून काही विचारलेलंही नाही. पण माझं मला माहीत आहे.”

हे बोलताना माझा आवाज चिरका झाला होता. समोर हसणारं कुणी नव्हतं. आबा वळून गेटाकडं चालत गेले. पृथ्वीराजला आणि त्याच्या आईला ते काय म्हणाले कळलं नाही. पण गाडीत बसण्यापूर्वी पृथ्वीराजनं माझ्याकडं बघून मान लववली, अगदी आदरानं. त्या वागण्याबद्दल मी आजही त्याचं चांगलं चिंतते.

आबा माझ्याशी बोलेनात. फोनवर फक्त आई; तिला मी सूरजचं, आज्ज्यांचं, सगळं सांगितलं. सूरजही घाटावर येईना. अंगणातलं माझं बोलणं रंगपटाच्या दाराशी उभ्या आज्ज्यांनी ऐकलं होतं आणि त्यांच्याकडून त्याला सगळं कळलं होतं, हे मला प्रांजलकडून समजलं. मी पायऱ्यांवर बसायची, वाट बघायची. नदी काही विचारत नव्हती.

चैत्रात सूरजच्या गावची जत्रा आली. एके सकाळी आबाच वसतिगृहाच्या दारात. “चल,” म्हणाले. “ज्या म्हाताऱ्यानं तुला हे शिकवलं, त्याला बघायचंय मला.”

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावात हजेरी असते, म्हणजे दिवसाउजेडी रंगणारा तमाशा. आम्ही पोचलो तेव्हा ढोलकी घुमत होती. कुणीतरी आबांना पुढं सतरंजीवर बसवलं. वग सुरू झाला, राजा आला आणि शिपायाची हाक झाली. मला वाटलं, आज्जा येतील. आला सूरज. तोंडाला पांढरा रंग, कमरेला भलामोठा पट्टा, डोईला उलटी टोपी. आज्ज्यांचे गुडघे धरले होते. ते कडेला खुर्चीवर बसले होते.

काय रंगवला त्यानं तो वग... डाळिंबांच्या दलालाला सोडलं नाही, आमदारानं वेशीवर बांधलेल्या कमानीला सोडलं नाही, स्वतःच्या भित्रेपणाला तर मुळीच नाही. “म्हाराज,” तो राजाला म्हणाला, “मी एवढा शूर, की लेथचं मशीन बघितलं तरी आधी त्याला नमस्कार घालतो, आन् पोरगी बघितली तर मशीनच्या मागं लपतो.” गावात बातमी फुटलेलीच असणार. पोरं एकमेकांना ढोसत होती, त्याला खुणा करत होती, बोल की, सुभेदार पुढंच बसलाय! तो आबांच्या अगदी समोर आला. ढोलकी थांबली.  एका वाक्यात मागणी घालून झाली असती. सगळं गाव हसलं असतं, आबांनाही हसावं लागलं असतं.

त्यानं आबांना कडक सलाम ठोकला आणि वळून राजाकडं गेला. 

मला रडू आलं. वाटलं, संपलं.

हजेरी उठल्यावर आम्ही लिंबाखाली घोंगडीवर आज्ज्यांजवळ बसलो. आबा त्यांच्याशी मेंढरांबद्दल बोलत होते. पूर्वी ऊस तुटला की माणदेशची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची, त्या आठवणी. तेवढ्यात सूरज आला. हापशावर तोंड धुऊन, साध्या सदऱ्यात. केसांतून पाणी गळत होतं. कानामागं थोडा पांढरा रंग राहिला होता. इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“सुभेदार साहेब,” तो म्हणाला आणि त्यानं बाहीनं कपाळावरचं पाणी पुसलं.  “मी सूरज. तुमच्या राजेश्वरीशी... मला लग्न करायचंय. पगार बेताचा हाय. घर ह्येच. दुसरं... दुसरं सांगण्यासारखं काय न्हाई.”

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“मघाशी तर धडाधडा बोलत हुतास. तवा का न्हाई बोललास? हसून सोडलं असतं समद्यांनी.”

“मघाशी मी काय मागत नव्हतो,” सूरज म्हणाला.

आज्ज्यांनी मान दुसरीकडं वळवून डोळे पुसले.  लिंबाचा मोहर वाऱ्यानं आमच्या अंगावर पडत होता. आबा घोंगडीवर थोडे सरकले आणि त्यांनी शेजारच्या जागेवर हात आपटला.

“बस. उभ्यानं मागत न्हाईत. भावकीला काय सांगायचं ते माझं मी बघतो. वेळ लागंल.”

सूरज बसला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, तोंडावर हसूही न आणता, पहिल्यांदाच.

“राजेश्वरी, तुला...”

“व्हय,” मी म्हणाले. त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.